फार वापरलेलं नाव

"माझं नाव कुणाच्या पोरीला ठेवू नका हं. फार वापरलंय ते. पार विरून गेलंय."

आवाज आईचा. गच्चीवर वाळलेल्या चादरीची घडी मायलेकी मिळून करत होत्या. दोन टोकं आईच्या हातात, दोन लेकीच्या. टोकाला टोक जुळवायला आई पुढे आली आणि तेवढ्या जवळून, चादरीबद्दल बोलावं तशी, ते बोलून गेली. मग घडी हिच्या हातात देऊन दुसरी चादर काढायला वळली. काय म्हणालीस, का म्हणालीस, असं विचारायचं वय होतं, पण विचारलं नाही. धाकटा भाऊ तेव्हा शाळेत होता. ऐकायला गच्चीवर तिसरं कुणी नव्हतं.

आईला जाऊन आता बरीच वर्षं झाली. मुलगी मात्र अजून चादरींच्याच घड्या करते, आता पोटासाठी. दवाखान्यांच्या आणि लॉजच्या चादरी जिथे धुऊन निघतात त्या धुलाईखान्यात. इस्त्रीच्या गरम रुळांमधून चादर बाहेर आली की जोडीदारणीने पलीकडची टोकं धरायची, हिने अलीकडची. ताणायची, झटकायची, चालत एकमेकींकडे यायचं, टोकं द्यायची, पुन्हा मागे जायचं. दिवसभर हे असं येणंजाणं. त्या येण्याजाण्यातच तिला कडवी सुचत. पाळणा म्हटला तर हेच की. दोरी ओढली की जवळ येतो, सोडली की लांब जातो.

बारशाचे पाळणे रचण्यात तिचा हात धरणारं ओळखीत कुणी नव्हतं. कुणाच्या घरी पाळणा हलला की निरोप यायचा: बाळाचं नाव हे, बापाचं हे, आजीला हे आवडतं, तेवढं बसवून द्या. ती बसवून द्यायची. पण हल्ली तिला त्याचाही शीण आला होता. सगळीच बाळं चंद्रासारखी, सगळेच बाप भाग्याचे. घरी आली की पाय उशीवर ठेवून पडायची आणि वाटायचं, शब्दांचीही एक गिरणी चालवतोय आपण.

तेवढ्यात भावाला मुलगी झाली. उशिरा झाली, वाट पाहून पाहून झाली. भाऊ बाप झाला तशी ही आत्या झाली, आणि घरात भाऊ सोडून जो तो तिला आत्या म्हणू लागला. आप्पासुद्धा, म्हणजे तिचे स्वतःचे वडील.

भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर लोखंडी दोरांशी झटणारा माणूस, पण मुलीला घ्यायचं तर आधी खाली बसून घ्यायचा. त्याने आत्याला बाजूला घेऊन सांगितलं की पाळणा तूच रचायचा, तूच म्हणायचा, आणि कानात नावही तूच सांगायचं. मग इकडेतिकडे बघून, घरात शिरलेल्या चोरासारखं, त्याने नाव सांगितलं. क्षमा. आईचं.

"घरात परत हाक मारता येईल गं, ताई. किती वर्षं कुणी हे नाव मोठ्याने घेतलं नाही."

आईचं गच्चीवरचं बोलणं आत्याच्या तोंडाशी आलं होतं. पण तो डोळे पुसत होता. ती म्हणाली, बघते.

आईच्या नावावर घरात एक जुना विनोद होता. तो आप्पांचा. ओला टॉवेल पलंगावर टाकला की आप्पा म्हणायचे, "क्षमा, कर." उशिरा यायचे, ताट पुन्हा गरम करायला लावायचे, "क्षमा, कर." मित्रांना न सांगता जेवायला आणायचे आणि दारातूनच, "क्षमा, कर." त्या दोन शब्दांत ते माफी मागत होते की कामाला लावत होते, हे कुणालाच कळायचं नाही, आणि मजा त्यातच होती. मित्र हसायचे. आई पदराला हात पुसत उठायची, आणि तीही हसायची. नातेवाइकांनी तो विनोद उचलला. दुकानदाराने उचलला. भांडण कुणाचंही असो, शेवटी कुणीतरी म्हणायचंच, अहो नावच क्षमा आहे तुमचं, सोडून द्या. आई सोडून द्यायची.

पाळण्याची पहिली कडवी आत्याने सहज रचली. पाळण्याला एक चौकट असते. एकेका दिवसाचं एकेक कडवं, तीन चरण एका यमकाचे, चौथं पालुपद. आणि बाराव्या दिवशी नाव. खरं बारसं सुट्टी बघून कधी का होईना, गाण्यात तो बारावाच दिवस असतो. पालुपदातला 'जो' लांबवायचा, दोरी सोडलेली असताना. पाळणा लांब जातो तेवढा वेळ तो पुरला पाहिजे. भरभर म्हटलं तर बाळ दचकतं, आणि म्हणणारीला दम लागतो.

*पहिल्या दिवशी दार उघडले,*
*उन्हाचे पाऊल घरात पडले,*
*इवल्या मुठीत बोट सापडले,*
*जो बाळे जो जो गं जो.*

*तिसऱ्या दिवशी रडे ती फार,*
*जागले शेजारी, जागले दार,*
*बापाच्या खांद्याला होईना भार,*
*जो बाळे जो जो गं जो.*

मुलासाठी 'रे' आणि मुलीसाठी 'गं', एवढा बदल ती आग्रहाने करायची. पुष्कळ ठिकाणी मुलींनाही 'रे'वरच झोपवतात.

अडलं ते नावाच्या कडव्यापाशी. त्या कडव्याची एक गंमत असते. यमक नावावरून धरावं लागतं, म्हणजे पहिल्या चरणातच नावाचं शेपूट दिसतं. जमलेल्या बायका तेवढ्यावरून ओळखायला बघतात. तेव्हा नाव तिसऱ्या चरणात दडवायचं, आधीच्या दोन चरणांत चकवा द्यायचा, आणि नुसतं नाव सांगून थांबायचं नाही. त्याचा अर्थही सांगायचा. का ठेवलं, ते पोरीला गाण्यातूनच कळलं पाहिजे.

चादर झटकत तिने जोडीदारणीला विचारलं, 'मा'वर संपणारे शब्द सांग.

"जमा," जोडीदारीण म्हणाली. टोकं देऊन मागे गेली, पुन्हा आली. "विमा."

"पोरीच्या बारशाला विमा?"

"काढून ठेवलेला बरा." पुन्हा मागे गेली. येताना म्हणाली, "तमा."

तमा. तो शब्द आला आणि कडवं आपोआप जुळून बसलं. एका फेरीत. आत्याला आठवत नव्हतं की नावाचं कडवं कधी इतक्या लवकर झालं असेल.

*बाराव्या दिवशी पाहुणे जमा,*
*सोसेल सारे, न करील तमा,*
*धरणीसारखी आमुची क्षमा,*
*जो बाळे जो जो गं जो.*

तिने ते मनात एकदा म्हटलं, आणि हातातली चादर ताणायची राहिली. जोडीदारणीने पलीकडून टोक हलवलं, अगं ओढ की. अर्थ बिनचूक होता. क्षमा म्हणजे पोटात घालणं, आणि जुन्या भाषेत क्षमा म्हणजे पृथ्वीसुद्धा. नांगरा, खणा, बोलत नाही. यमक घट्ट होतं. पण हे कौतुक नव्हतं. इतकी वर्षं ती पाळणे रचत आली, पण नावाचं कडवं म्हणजे बाळाच्या अंगावर चढवलेलं पहिलं अंगडं, हे तिला आज दिसलं. अजून मान धरत नाही त्या पोरीला आपण गाऊन गाऊन सांगणार होतो की तू सोस. आणि आज गायलेलं उद्या सगळे म्हणणार. अगं, नावच तुझं क्षमा.

मग तिने वेगळं कडवं करून पाहिलं. चरण फिरवले, 'रमा' आणून पाहिलं, पृथ्वी काढून फुलं घातली. जमेना. नाव आपलं यमक ओढून आणायचं आणि यमक आईला.

बारशाच्या आदल्या दिवशी कामावरून ती थेट भावाकडे गेली. पाय ठणकत होते. बाहेरच्या खोलीत आप्पा खुर्चीत बसले होते, मांडीवर वर्तमानपत्र. त्यांना हल्ली कमी ऐकू यायचं. म्हणजे सगळे तसं धरून चालायचे आणि त्यांनीही कधी वाद घातला नाही. आतल्या खोलीत पाळणा बांधून झाला होता. भाऊ हुकाचा नट पुन्हा पुन्हा तपासत होता, जणू बाळ नाही, आठ माणसं वर न्यायची होती.

भावजय भिंतीला टेकून बाळाला पाजत बसली होती. डोळ्यांखाली काळं, वेणी कालचीच. बाळंतपण अवघड गेलं होतं, आणि नंतरची झोप तर कुठे हरवली होती देव जाणे. ती फारशी बोलायची नाही. आत्या शेजारी बसली तेव्हा एवढंच म्हणाली, ऐका.

आत्याने कान दिला. बाळ दूध पिताना बारीक आवाज करत होतं. घोट घेई, आणि मध्येच नाकातून गुणगुणे; खिडकीच्या काचेशी भुंगा यावा तसं.

"सारखी रुंजी घालते," भावजय म्हणाली. "पोट भरेपर्यंत. मला झोप लागते की नाही, तोवर पुन्हा सुरू."

आत्या हसली. दमलेल्या बाईचं तिला बरं कळायचं.

भावाने कपाटातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी आणलं आणि उलगडून दाखवलं. पितळेची पट्टी, पाळण्याच्या पुढच्या दांडीवर लावायला. दोन अक्षरं कोरलेली. त्याने ती बाहीने पुसली. मग म्हणाला, शेवटचं कडवं ऐकव ना. झालंय का?

झालंय, असं ती म्हणाली. खोटं तिला बोलवेना, आणि खरंही. तिने हळू आवाजात म्हटलं. दुसऱ्या चरणाला भावाचे डोळे भरले.

"सोसेल सारे," तो म्हणाला. "अगदी आई गं, ताई. हुबेहूब आई."

आत्याला वाटलं, कुणीतरी चादरीचं टोक हातात दिलंय आणि वाट बघत उभं आहे.

"आईला नको होतं ते नाव," ती म्हणाली.

भावाला कळलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. गच्ची सांगितली, चादरी सांगितल्या, आईचे शब्द जसेच्या तसे सांगितले. पार विरून गेलंय. तू लहान होतास, आणि नंतर सांगायची वेळ आली नाही; खरं म्हणजे वेळ येऊच नये असं वाटत होतं.

"आई हसायची," भाऊ म्हणाला. "आप्पा म्हणायचे तेव्हा. मला चांगलं आठवतंय, ती हसायची."

"हसायची. आणि उठायची."

तो पाळण्याशेजारी उभा राहिला. पट्टी हातात. रागावला होता की नव्हता, सांगता आलं नसतं. तो बहिणीकडे बघतही नव्हता. शेवटी म्हणाला, मग इतके दिवस बघते बघते का म्हणत होतीस? ती म्हणाली, "तुला आई परत हवी होती. मला नाही म्हणवेना."

"मग आता काय? उद्या माणसं येणार. काय हाक मारायची पोरीला, ए मुली?"

बाळाने तोंड सोडलं, पुन्हा धरलं, आणि गुणगुणणं सुरू झालं. आत्या ते ऐकत राहिली. मग मान वळवून तिने भावजयीकडे पाहिलं. इतक्या दिवसांत त्या बाईला नावाचं कुणी विचारलं होतं का? भावाने नाही. आणि आपणही नाही.

"तुझ्या मनात काही होतं का गं?"

भावजयीने आधी नवऱ्याकडे पाहिलं. मग बाळाकडे बघतच म्हणाली की सासूबाईंचं नाव म्हटल्यावर मी काय बोलणार होते. पण मी एकटी असले की तिला हाक मारते. पहिल्या रात्रीपासून मारते.

"काय?"

"रुंजी."

भावाने ते नाव तोंडात घोळवून पाहिलं, आवाज न करता. मग पट्टी उलटी केली, अंगठ्याने घासली. मागची बाजू कोरी आहे, तो म्हणाला. कोरणारा दुकान उघडं ठेवतो रात्री उशिरापर्यंत. एवढं बोलून तो चपला घालून बाहेर गेला. जाताना आप्पांच्या खुर्चीपाशी थोडा थांबला, आणि गेला. वर्तमानपत्राचं पान आत्या आल्यापासून उलटलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खोली बायकांनी भरली. आत्याला झोप जेमतेम झाली होती आणि घसा बसल्यासारखा होता. पण पाळण्याला मोठा आवाज लागतच नाही. तिने दोरी धरली. पहिला दिवस झाला, तिसरा झाला. सहाव्या दिवसाच्या कडव्याला तिने भावजयीकडे पाहिलं.

*सहाव्या दिवशी आईला डुलकी,*
*कुशीत बाहुली कापूस-हलकी,*
*दोन्ही हातांची झाली पालखी,*
*जो बाळे जो जो गं जो.*

भावजय खरोखरच पेंगत होती. कुणीतरी तिच्या पाठीला उशी दिली.

नावाच्या कडव्यापाशी आत्याने दोरी सोडली, पाळणा लांब जाऊ दिला, आणि तो परत येताना पहिला चरण उचलला.

*बाराव्या दिवशी लागली कुंजी,*

"कुंजी ठेवलं की काय?" मागून एक मावशी म्हणाली. हशा झाला.

*उघडली पेटी, लाभली पुंजी,*

"आता पुंजी!" दुसरी म्हणाली. "पोरगी नव्हे, बँकच आहे."

*फुलाच्या कानाशी भुंग्याची रुंजी,*
*जो बाळे जो जो गं जो.*

आणि ती वाकली. बाळाच्या कानाशी तोंड नेलं, हाताचा आडोसा केला आणि नाव सांगितलं. बाळाने भुवया उंचावल्या, आणि नाकातून बारीक गुणगुणलं. आजूबाजूला शांत होतं, म्हणून ते सगळ्यांना ऐकू आलं. मग अर्थाचं कडवं. ते तिने पहाटे रचलं होतं, चादरीशिवाय, पलंगावर पडल्या पडल्या.

*गुणगुणत येई, गप्प ना राही,*
*आवडेल तेथे फिरून पाही,*
*रुंजी हे नाव, ऐका हो बाई,*
*जो बाळे जो जो गं जो.*

दांडीवर पट्टी होती. नवी अक्षरं पुढे, जुनी लाकडाकडे. भावाने स्क्रू स्वतःच्या हाताने पिळले होते. नाव ऐकल्यावर त्याने सगळ्यांच्या आधी हाक मारली.

माणसं पांगली तेव्हा दुपार कलली होती. भावजय पाळण्याशेजारी गाढ झोपली होती, तोंड उघडं टाकून. भाऊ खुर्च्या परत करायला गेला होता. आत्या पाळण्यापाशी जमिनीवर बसली, पाय लांब करून. उठायचं, कप विसळायचे, घरी जायचं, सकाळी कामावर जायचं, हे सगळं तिला दिसत होतं आणि त्यातलं काहीही करावंसं वाटत नव्हतं. दोरी सोडायचीही राहिली होती. हात आपोआप ओढत होता.

आप्पा भिंत धरत आत आले. खाली बसायला त्यांना वेळ लागला. बसल्यावर त्यांनी हात पुढे केला. आत्याला वाटलं पाणी हवंय. पण त्यांना दोरी हवी होती. तिने दिली. त्यांनी एकदा ओढली, सोडली. पुन्हा ओढली. मोठ्या माणसाच्या मानाने फार हळू, नको इतकं जपून.

"काल आत बोललीस ना," ते म्हणाले, "ते ऐकलं मी."

पाळणा गेला आणि आला.

"विनोद होता तो," आप्पा म्हणाले. मग बराच वेळ नुसती दोरी. पट्टीकडे बघत होते. पुढच्या अक्षरांकडे की मागे दडलेल्या, कळलं नाही. पाळण्यात बाळ झोपेतच एकदा गुणगुणलं. ते थांबेपर्यंत आप्पा थांबले.

"तिचं नावच क्षमा होतं ना," ते म्हणाले. "त्यामुळे मागायची राहून गेली."